एकतीस तारखेनंतरचा एक महिना

३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर कोणती तारीख येते? याला निदान तीन उत्तरं मिळतात, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरमध्ये आज चालू आहेत.

कोणी म्हणेल महिना म्हणजे तीस दिवस, तर तीस मिळवा. उत्तर येतं २ मार्च. हिशेब सोपा, पण याच पद्धतीने कर्जाचे मासिक हप्ते लावत गेलात तर तारखा १ एप्रिल, १ मे, ३१ मे अशा पडतात. फेब्रुवारीत हप्ताच नाही आणि मे महिन्यात दोन. पगारावर घर चालवणाऱ्याला हे कोण समजावणार!

दुसरी पद्धत जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषांची. ती फक्त महिन्याचा आकडा एकने वाढवते, म्हणजे '३१ फेब्रुवारी' अशी तारीख तयार करते. फेब्रुवारीला दिवस अठ्ठावीसच, म्हणून उरलेले तीन पुढे मार्चमध्ये ढकलले जातात आणि उत्तर निघतं ३ मार्च. यातली खरी अडचण एका कर्जदाराकडे पाहून दिसत नाही, दोघांना शेजारी उभं करावं लागतं. एकाने ३१ जानेवारीला पैसे उचलले, दुसऱ्याने १ फेब्रुवारीला. दोघांना मुदत एक महिना. पहिल्याची मुदत संपते ३ मार्चला, दुसऱ्याची १ मार्चला. आधी घेतलं त्याने नंतर फेडायचं, असा उलटा क्रम लागला. तारखांच्या हिशेबात हा क्रम मोडला की पुढे व्याजाचे दिवस, थकबाकीची यादी, सगळंच संशयास्पद होतं.

तिसरं उत्तर २८ फेब्रुवारी. त्या महिन्यात तेवढी तारीख नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबायचं. जावा ही प्रोग्रामिंग भाषा, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि एक्सेलचं EDATE हे फंक्शन हेच करतात. आपल्याकडे तर हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी कायद्यात लिहिलेलं आहे. चेक आणि वचनचिठ्ठ्यांसाठीच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम २३ सांगतं, की मुदत ज्या महिन्यात संपते त्यात ती तारीख नसेल, तर महिन्याच्या अखेरच्या दिवशी मुदत संपली असं धरावं. तिथलं उदाहरण मोठं छान आहे. एक वचनचिठ्ठी ३० ऑगस्ट १८७८ ची, दुसरी ३१ ऑगस्टची, मुदत दोन्हींना तीन महिने. नोव्हेंबरला दिवस तीस, म्हणून दोन्ही ३० नोव्हेंबरला येऊन थांबतात. वर सवलतीचे तीन दिवस, आणि दोन्ही ३ डिसेंबरलाच देय होतात.

दोन वेगळ्या तारखा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. क्रम उलटला नाही, हे चांगलंच. पण मूळ चिठ्ठी ३० ची होती की ३१ ची, हे ३० नोव्हेंबरकडे नुसतं पाहून आता कोणालाही सांगता येणार नाही. ती माहिती वाटेत गळाली, आणि बहुतेक घोटाळे या गळतीतूनच सुरू होतात.

बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान असलेले एक व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी एका पतसंस्थेतून ३१ जानेवारीला कर्ज घेतलं; हप्ता दर महिन्याला, घेतल्या तारखेला. फेब्रुवारीचा हप्ता २८ ला भरला, ठीक झालं. मार्चचा ३१ ला भरायला गेले तर पावतीवर तीन दिवसांचं दंडव्याज.

"अण्णा, तुमची तारीख अठ्ठावीस हाय," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

"अठ्ठावीस कुठनं आली? मी एकतीसला घेतलंय की."

"सिस्टीमनं काढलीया."

पोरगा खोटं बोलत नव्हता. सिस्टीम प्रत्येक वेळी मागच्या हप्त्याची तारीख घेऊन तिच्यात एक महिना मिळवत होती. ३१ जानेवारीचा झाला २८ फेब्रुवारी. मग २८ फेब्रुवारीत एक महिना, म्हणून २८ मार्च, २८ एप्रिल, आणि कर्ज संपेपर्यंत अठ्ठावीसच. एकेक पायरी सुटी तपासली तर अगदी बरोबर आहे. चूक पायऱ्या जोडण्यात आहे, कारण फेब्रुवारीत दबलेली तारीख आपण मूळ कितीची होतो हे विसरलेली असते.

उपाय म्हणजे मागच्या हप्त्यावरून न मोजता दर वेळी मूळ तारखेवरून मोजणे. दुसरा हप्ता म्हणजे ३१ जानेवारी अधिक दोन महिने, तिसरा म्हणजे ३१ जानेवारी अधिक तीन. मग तारखा येतात २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे. संस्थेत एक्सेलवर काम चालत असेल तर कर्जाची तारीख A2 मध्ये ठेवून A3 मध्ये हे लिहावं आणि खाली ओढावं:

```
=EDATE($A$2,ROW()-2)
```

`=EDATE(A2,1)` लिहून खाली ओढलं तर मात्र वरचाच घसरगुंडीचा प्रकार होतो. दोन्ही फॉर्म्युल्यांचं पहिलं उत्तर सारखंच येतं, त्यामुळे पहिली ओळ पाहून समाधान मानणाऱ्याला फरक कळत नाही. कर्ज ३१ ऑगस्टचं असेल तर घसरण दोन टप्प्यांत होते: सप्टेंबरपासून ३० वर, आणि फेब्रुवारी आला की २८ वर. म्हणून चाचणी १५ तारखेवर घेऊन काही उपयोग नाही. सुरुवात ३१ ऑगस्टला करा, फेब्रुवारी ओलांडून मार्चपर्यंत तारखा काढा आणि मार्चची ३१ आहे का ते बघा.

सुट्टीचंही असंच. ३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार होता. संस्था अशा वेळी हप्ता सोमवारी, १ सप्टेंबरला घेत असेल तर घेऊ दे, पण ती सरकवलेली तारीख फक्त त्या हप्त्यापुरती. पुढची पुन्हा मूळ ३१ वरूनच काढायची, नाहीतर तारीख कायमची १ ला जाऊन बसते आणि सप्टेंबरचा हप्ता ऑक्टोबरात पडतो.

आता राहिला एक प्रश्न, जो कोणत्याही फॉर्म्युल्याने सुटत नाही. कर्ज ३० एप्रिलला घेतलं तर मे महिन्याचा हप्ता ३० ला की ३१ ला? ओरॅकल डेटाबेसचं ADD_MONTHS हे फंक्शन म्हणतं ३१, कारण सुरुवातीची तारीख महिन्याची अखेर असेल तर उत्तरही ते महिन्याचीच अखेर देतं. EDATE म्हणतं ३०. भाडं किंवा पगार महिनाअखेरीला ठरला असेल तर ओरॅकलची रीत रास्त वाटते. 'दर महिन्याच्या तीस तारखेला' असं बोलणं झालं असेल तर तीच रीत चुकीची. नुसत्या ३० एप्रिलवरून देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या मनात काय होतं ते ओळखता येत नाही, म्हणून माझ्या मते कर्जाच्या अर्जावर तारखेशेजारी एक वेगळा रकाना असावा: हप्ता ठरलेल्या तारखेला, की महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शहापूरच्या अण्णांनी ३१ ला घेतलं होतं, त्यामुळे त्यांना हा रकाना नसला तरी चाललं असतं. दोन्ही रीतींनी त्यांचा मार्चचा हप्ता ३१ लाच पडतो.