कॅशलेसची पहिली मंजुरी आणि हॉस्पिटलमधून सुट्टीच्या दिवशीची मंजुरी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकूंचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मोबाइलवर विमा कंपनीचा निरोप आला: ५०,००० रुपये मंजूर. काका म्हणाले, "झालं, आता पैशांची चिंता नाही." तिसऱ्या दिवशी ७९,७०० रुपयांचा दुसरा निरोप आला. त्यांनी दोन्हींची बेरीज केली आणि बिल ९६,५०० चंच असताना डिपॉझिट का अडकवून ठेवलंय म्हणून काउंटरवर विचारायला गेले. या दोन मंजुऱ्यांची गल्लत बहुतेक घरांत होते.

कॅशलेसमध्ये विमा कंपनी पैसे थेट हॉस्पिटलला देते. त्यातली पहिली मंजुरी म्हणजे प्री-ऑथ, उपचाराआधीची मंजुरी. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर पॉलिसीचं कार्ड आणि ओळखपत्र दिलं की एक फॉर्म मिळतो. त्याचा एक भाग आपण भरायचा. आजार काय, किती दिवसांपासून, उपचार कोणता आणि अंदाजे खर्च किती, हा भाग डॉक्टरांचा. डेस्क तो फॉर्म विमा कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, पाठवतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार त्यावर एका तासात निर्णय व्हायला हवा. हा निर्णय फक्त अंदाजावर होतो. काकूंचा अंदाज ९०,००० चा होता, त्यातले ५०,००० सुरुवातीला मंजूर झाले. पत्रात खाली पॉलिसीच्या अटींना अधीन राहून असं लिहिलेलं असतं, आणि कापाकापीचं सगळं मूळ त्या एका ओळीत आहे. मुक्काम वाढला तर डेस्क मधेच वाढीव रक्कम मागतं.

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळतानाची मंजुरी, म्हणजे फायनल अप्रूव्हल, खऱ्या बिलावर होते. अंतिम बिल, डिस्चार्ज समरी आणि तपासण्यांचे रिपोर्ट गेल्यावर कंपनी एकूण किती देणार ते ठरवते. पहिले ५०,००० या आकड्याच्या पोटातच असतात, वेगळे मिळत नाहीत. काकूंसाठी कंपनी एकूण ७९,७०० देणार होती.

मग बाकीचे १६,८०० कुठे गेले? पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. काकूंना घेतलेली खोली ६,२५० ची. दोन दिवसांचे जादा २,५०० कापले, हे कुणालाही कळतं. पण खोली मर्यादेबाहेरची असली की अनेक पॉलिसींत सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. ५,००० हे ६,२५० च्या ८० टक्के, म्हणून या सगळ्यांच्या मिळून ५४,००० मधले २० टक्के, १०,८०० गेले. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लागत नाही, तिथले २६,५०० पूर्ण मिळाले. हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचं जेवण असे ३,५०० पॉलिसीत बसतच नव्हते. मला राहून राहून वाईट वाटतं ते त्या १०,८०० चं. खोली निवडतानाच मर्यादा विचारली असती तर ते वाचले असते.

वेळेचाही घोळ होतो. त्याच परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलची मागणी कंपनीकडे पोचल्यावर. डॉक्टरांनी सकाळी १० ला "आज छुट्टी" म्हटलं, फाइल गेली दुपारी १२:४० ला. म्हणून डेस्कवर "मंजुरी आली का?" याआधी "फाइल किती वाजता पाठवलीत?" हे विचारावं.

आमची फाइल गेल्यावरही कंपनीची एक क्वेरी आलीच. फॉर्मवर डॉक्टरांनी ५ महिन्यांपासून दुखतंय असं लिहिलं होतं, डिस्चार्ज समरीत टाइप झालं ५ वर्षं. पॉलिसी चार वर्षांची! म्हणजे आजार आधीपासून होता आणि लपवला, असा अर्थ निघतो. त्या दिवशी काकूंनी स्वतः समरी वाचली म्हणून चूक लगेच सापडली. डॉक्टरांनी दुरुस्त करून सही केलेली प्रत गेल्यावर मंजुरी आली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच समरीचा कच्चा मसुदा मागून आजाराचा कालावधी फॉर्मशी ताडून पाहावा. फॉर्मचा फोटो भरतीच्या दिवशीच काढून ठेवला असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली मंजुरी नाकारली गेली तरी दावा संपत नाही. नकार फक्त कॅशलेसला असतो, बिल भरून नंतर त्याच कागदांवर परतावा मागता येतो.

काकांनी भरतीच्या वेळी २०,००० डिपॉझिट भरले होते. १६,८०० वजा होऊन ३,२०० परत मिळाले, आणि अंतिम मंजुरीच्या पत्रात कपातीचा एकेक आकडा लिहिलेला होता. ते पत्र त्यांनी डेस्कवरून मागून घेतलं.