दोन गाण्यांमधल्या शांततेत फोन झोपी जातो

फोनचा पडदा लॉक केल्यावर थोड्या वेळात गाणे आपोआप बंद पडले, की फोन जुना झाला, त्यात व्हायरस शिरला किंवा हेडफोन बिघडला, असे तर्क सुरू होतात. त्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात, आणि त्यात रॅम साफ करणारे एखादे ॲप घेण्याचा सल्ला हमखास असतो. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी फोनमध्ये कोणताही बिघाड झालेला नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने आखलेल्या नियमांनुसार फोनने ते ॲप झोपवलेले किंवा मारलेले असते. हे नेमके कोणत्या क्षणी घडते, हे कळले तर उपाय शोधणे सोपे जाते.

एक प्रकार आधीच बाजूला काढायला हवा. पैसे न भरता यूट्यूब वापरणाऱ्याने पडदा बंद केला की आवाजही लगेच थांबतो, पण त्याचा बॅटरीशी काही संबंध नाही. पडद्याआड आवाज चालू ठेवण्याची सोय कंपनीने तिच्या सशुल्क प्रीमियम योजनेत ठेवली आहे, त्यामुळे फोनची कोणतीही सेटिंग बदलून तिथे उपयोग होत नाही. पुढचे विवेचन केवळ गाण्यांसाठीच असलेल्या आणि पडदा बंद असताना वाजत राहणे ज्यांच्याकडून अपेक्षित आहे अशा ॲप्सबद्दल आहे.

पडदा बंद झाला की फोन केवळ प्रकाश वाचवतो असे नाही. कोणालाही काम नसेल, तर तो मुख्य प्रोसेसरही झोपवतो. झोपलेल्या अवस्थेत एखादा फोन सरासरी 5 मिलिअँपिअर प्रवाह घेतो आणि जागा असताना 100 घेतो असे धरले, तर 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पहिल्या अवस्थेत 1000 तास पुरेल आणि दुसऱ्या अवस्थेत 50 तासांतच संपेल. आकडे उदाहरणादाखल असले तरी फरकाची जात हीच आहे. म्हणूनच, झोपायला मिळेल त्या क्षणी झोपायचे, हा फोनचा मूळ स्वभाव झाला आहे. ज्या ॲपला प्रोसेसर जागा हवा असेल त्याने तशी नोंद करायची असते, आणि या नोंदीला वेक लॉक म्हणतात. अशी एक तरी नोंद शिल्लक असेपर्यंत प्रोसेसर झोपत नाही.

आता गाणे वाजते कसे ते पाहू. एमपीथ्रीसारख्या दाबून लहान केलेल्या फाइलमधून ॲप आवाजाचे मूळ आकडे उलगडते. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ आवाजासाठी दर सेकंदाला 44,100 वेळा, दोन वाहिन्यांसाठी प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट तयार व्हावे लागतात. ॲप हे आकडे बफर नावाच्या छोट्या साठ्यात ओतत राहते आणि अँड्रॉइडचा ध्वनिविभाग तो साठा दुसऱ्या बाजूने उपसत राहतो. गच्चीवरच्या टाकीसारखाच हा प्रकार आहे: खालून पाणी चढणे थांबले तरी नळ काही काळ चालतो आणि मग एकदम कोरडा पडतो. फरक इतकाच, की ही टाकी सेकंदाच्या काही अंशांपुरतीच असते. प्रोसेसर झोपला आणि आकडे ओतणारे कोणी उरले नाही, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शांतता पसरते.

तसे होऊ नये म्हणून अँड्रॉइडने स्वतःच एक व्यवस्था केली आहे. आवाज प्रत्यक्ष वाजत असेपर्यंत ध्वनिविभाग ॲपच्या वतीने वेक लॉक धरून ठेवतो. त्या नोंदीचे नाव AudioMix असे आहे. संगणकाला फोन जोडून, गाणे चालू असताना adb या विकसकांच्या साधनातून पुढील आज्ञा दिली तर ती नोंद प्रत्यक्ष पाहता येते.

```
adb shell "dumpsys power | grep 'PARTIAL_WAKE_LOCK.*AudioMix'"
```

गाणे थांबवून काही सेकंदांनी हीच आज्ञा पुन्हा दिली, तर ती ओळ नाहीशी झालेली दिसते. लॉक केल्यावर गाणे नेहमी मधेच न तुटता पुष्कळदा एक गाणे पूर्ण झाल्यावरच का थांबते, याचे मर्म मला या नाहीशा होणाऱ्या ओळीत दिसते. पहिले गाणे संपले की ॲपला इंटरनेटवरून पुढचे गाणे मागवावे लागते. नेटवर्क चांगले असेल तर सेकंदाभरात ते येते आणि काहीच बिघडत नाही. पण नेटवर्क मंद असेल तर दोन गाण्यांमधली शांतता लांबते. वाजण्यासारखे काहीच नसल्यामुळे ध्वनिविभाग आपली नोंद काढून घेतो. ॲपने स्वतःची वेगळी नोंद केलेली नसेल, तर आता प्रोसेसरला जागे ठेवणारे कोणीच उरत नाही, आणि ॲप पुढच्या गाण्याची वाट पाहत असतानाच प्रोसेसर झोपतो. मग पुढचे गाणे कधी मिनिटभराने अडखळत सुरू होते, तर कधी पडदा उघडल्यावरच. ऐकणाऱ्याला वाटते की फोनने चालू गाणे बंद केले, पण फोन झोपला तेव्हा काहीच वाजत नव्हते.

यावरचा इलाज ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असतो. अँड्रॉइडवरील बरीच ॲप्स एक्झोप्लेअर हे गाणी वाजवणारे तयार साधन वापरतात. त्यात WAKE_MODE_NETWORK हा पर्याय निवडला, की गाणे वाजत असताना आणि पुढचे येण्याची वाट पाहतानाही प्रोसेसर व वायफाय दोन्ही जागे राहतात. मात्र हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, आणि तो निवडायचे राहून गेल्याचे चाचणीत सहसा लक्षात येत नाही. चाचणी घेताना फोन बहुधा यूएसबी वायरने संगणकाला जोडलेला असतो, म्हणजेच तो चार्ज होत असतो, आणि चार्ज होणाऱ्या फोनला बॅटरी वाचवण्याचे बरेचसे नियम लागूच होत नाहीत. हा दोष वायर काढून आणि पडदा बंद करूनच तपासावा लागतो.

प्रोसेसर झोपणे हा झाला पहिला धोका. दुसरा धोका ॲपच मारले जाण्याचा असतो. मेमरी कमी पडू लागली की कोणती प्रक्रिया आधी बंद करायची हे ठरवण्यासाठी अँड्रॉइड प्रत्येक प्रक्रियेला एक अंक देते, आणि ज्याचा अंक मोठा तो आधी जातो. पडद्यावर दिसणाऱ्या ॲपचा अंक 0 असतो, तर वापरून मागे टाकलेल्या ॲपचा 900 किंवा त्याहून अधिक. गाण्याच्या ॲपला पडद्याआड जाऊनही वाचायचे असेल, तर त्याला फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करावी लागते. आपण वापरकर्त्याला जाणवेल असे काम करत आहोत, अशी ती रीतसर घोषणा असते. त्यासाठी सूचनापट्टीत गाण्याचे नाव आणि थांबवण्याचे बटण दाखवावे लागते. ही घोषणा केली की अंक साधारण 200 वर येतो. 2015 साली अँड्रॉइड 6 मध्ये डोझ ही व्यवस्था आली. फोन चार्जरला लावलेला नसताना, पडदा बंद करून स्थिर ठेवला की ती ॲप्सचे नेटवर्क तोडते आणि त्यांचे वेक लॉकही जुमानत नाही. त्या व्यवस्थेतूनही फोरग्राउंड सर्व्हिस चालू असलेल्या ॲपला सवलत मिळते. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, अशी घोषणा न करता पडद्याआड चाललेली सर्व्हिस काही मिनिटांतच थांबवली जाते.

लॉक पडद्यावरची गाण्याची ती पट्टी, म्हणूनच, शोभेची नाही. ती दिसत असेल तर बहुधा ॲपला संरक्षण आहे, आणि लॉक करताच ती नाहीशी होत असेल तर ॲपचे दिवस भरलेच म्हणून समजावे. फोन आल्यावर गाणे थांबते आणि बोलणे संपल्यावर पुन्हा सुरू होत नाही, त्याचेही कारण अनेकदा इथेच सापडते. गाणे थांबताच काही ॲप्स ही घोषणा मागे घेतात, त्यांचा अंक पुन्हा वर जातो, आणि बोलणे चालू असतानाच त्यांचा निकाल लागतो. प्रक्रिया वाचली तरी 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून, काही अपवाद सोडता, पडद्याआड असलेल्या ॲपला नव्याने फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करता येत नाही.

एवढे सगळे नियम पाळणारी ॲप्सदेखील काही फोनांवर मरतात. अँड्रॉइडच्या नियमांवर अनेक उत्पादक स्वतःचा आणखी एक बॅटरी व्यवस्थापक चढवतात. बॅटरी अधिक टिकते असे जाहिरातीत सांगता यावे म्हणून तो फोरग्राउंड सर्व्हिसलाही दाद देत नाही. त्याचे नियम उघड केलेले नसतात आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा अन्याय हाच आहे, कारण नियमाने वागणाऱ्या ॲपला बचावाची संधीच मिळत नाही आणि दूषणे मात्र त्यालाच मिळतात. रॅम साफ करणाऱ्या ॲप्सबद्दलही इथेच सांगायला हवे. ती जे मारतात त्यातले बरेचसे थोड्या वेळात पुन्हा सुरू होते आणि पहिल्यापासून सुरू होण्यात बॅटरी अधिक जाते. शिवाय मारल्या जाणाऱ्यांत आपले गाण्याचे ॲपही असू शकते.

गाणे कशामुळे थांबले हे ते थांबण्याच्या पद्धतीवरून बरेचसे ओळखता येते. समजा, एखाद्याने सेकंदाला 128 किलोबिटचा भजनांचा प्रवाह इंटरनेटवरून लावून फोन लॉक केला आणि पुढे कधीतरी फोनने त्या ॲपचे नेटवर्क तोडले. एक्झोप्लेअर ठरलेल्या मांडणीनुसार सुमारे 50 सेकंदांचा मजकूर पुढे उतरवून ठेवतो, म्हणजे या दराने 800 किलोबाइट. त्यामुळे नेटवर्क गेल्यावरही भजन जवळजवळ मिनिटभर व्यवस्थित चालेल, मगच थांबेल, आणि लॉक पडद्यावरची पट्टी जागेवरच राहील. तेच भजन आधी डाउनलोड करून लावले आणि ते शेवटपर्यंत वाजले, तर दोष नेटवर्क तुटण्यातच आहे याची खात्री पटते. पट्टी तशीच आहे आणि पडदा उघडताच भजन थांबले होते तिथूनच आपोआप पुढे सुरू झाले, तर ॲप झोपले होते. पट्टीच गायब झाली आणि ॲप उघडल्यावर ते पहिल्यापासून सुरू झाले, तर त्याला मारले गेले होते. अँड्रॉइड 11 पासून फोन मृत्यूचे कारणही नोंदवून ठेवतो. खालील आज्ञेत शेवटी ॲपचे अंतर्गत नाव घालावे.

```
adb shell dumpsys activity exit-info com.example.music
```

उत्तरात कारण LOW_MEMORY दिसले तर मेमरी कमी पडली होती, आणि CRASH दिसले तर ॲपच कोसळले होते. USER REQUESTED असे दिसते आहे, पण आपण स्वतः काहीच बंद केलेले नाही, अशा वेळी एखाद्या बॅटरी व्यवस्थापकाने आपल्या नावावर ते बंद केल्याचा संशय घेण्यास जागा असते.

अशा फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपच्या माहितीतील बॅटरीचा पर्याय Unrestricted करावा. तिथे चुकून Restricted निवडलेले असेल, तर पडद्याआड काम करण्याची ॲपला जवळजवळ मनाईच असते. उत्पादकाचा स्वतःचा व्यवस्थापक असेल तर त्यातही ते ॲप वगळावे लागते, कारण दोन्ही याद्या वेगळ्या असू शकतात. ही सूट गाण्याच्या एखाद्या ॲपपुरतीच ठेवावी. सगळ्यांनाच ती देऊन टाकली तर वर हिशेबात मांडलेले 1000 तास 50 तासांकडे सरकू लागतात. आणि दोन गाण्यांमध्ये झोपून जाणाऱ्या ॲपला या सवलतीनेही जाग येत नाही, कारण प्रोसेसर जागा ठेवण्याची नोंद त्याने केलेलीच नसते. त्यावर वापरणाऱ्याच्या हातातला उपाय म्हणजे गाणी आधी डाउनलोड करून घेणे, कारण मग पुढचे गाणे फोनमध्येच असते आणि मधली शांतता नोंद सुटण्याइतकी लांबत नाही.