पत्त्याची पट्टी सरकते आणि पान उडी मारते

मोबाइलवर संकेतस्थळ उघडताच संपूर्ण पडदा व्यापणारे छायाचित्र, त्यावर मोठे शीर्षक आणि तळाशी एखादे बटण अशी मांडणी आपण नेहमी पाहतो. वेबसाइट बनवणारे या भागाला हीरो सेक्शन म्हणतात आणि त्याची उंची अनेक वर्षे `100vh` अशी लिहीत आले आहेत. `vh` म्हणजे ब्राउझरमधील दृश्य भागाच्या उंचीचा शंभरावा हिस्सा. संगणकावर ही व्याख्या पुरेशी असते. फोनवर मात्र वाचक पान वर सरकवू लागला की ब्राउझर अॅड्रेस बार लपवतो, उलट दिशेने सरकवताच तो परत आणतो, आणि त्यामुळे दृश्य भागाची उंचीच दोन प्रकारची होते.

या दोहोंपैकी `vh` कोणत्या उंचीवरून मोजायचा? आयफोनवरील सफारीने बार लपलेला असतानाची मोठी उंची कायमची धरली, आणि २०१७च्या सुरुवातीला अँड्रॉइडवरील क्रोमनेही, ५६व्या आवृत्तीत, तोच मार्ग स्वीकारला. त्यापूर्वी क्रोममध्ये `vh` बारबरोबर बदलत असे आणि वाचता वाचता मजकूर जागेवरून हलत असे. मोठी उंची धरल्याने ती हालचाल थांबली, पण पान प्रथम उघडते तेव्हा बार दिसतच असतो, आणि नवी अडचण तिथूनच सुरू झाली.

समजा, बार लपल्यावर ८०० पिक्सेल उंची मिळते आणि बार स्वतः ५६ पिक्सेलचा आहे. नाट्यगृहाच्या पानावर `100vh` उंचीचा हीरो आहे आणि त्याच्या तळापासून २४ पिक्सेल वर, ४८ पिक्सेल उंचीचे ‘तिकीट काढा’ हे बटण आहे. हीरो ८०० पिक्सेलचा होतो, तर पान उघडताना दिसतात केवळ ७४४. बटण ७२८व्या पिक्सेलपासून सुरू होत असल्याने त्याची वरची जेमतेम १६ पिक्सेलची पट्टीच दिसते. यावर उपाय म्हणून अनेकांनी जावास्क्रिप्टने `window.innerHeight` मोजून, आकार बदलला की हीरोची उंची पुन्हा ठरवण्याची युक्ती वापरली आणि क्रोमने घालवलेली उडी स्वतःच्या हाताने परत आणली.

२०२२ साली सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ या आवृत्त्यांत नवी एकके आली. `svh` बार दिसत असतानाची लहान उंची धरते, `lvh` बार लपल्यावरची मोठी, आणि `dvh` त्या क्षणी जी असेल ती. नावावरून `dvh` हेच योग्य औषध वाटते, परंतु हीरोसाठी ते बहुधा चुकीचे आहे. आपल्या उदाहरणात बार लपताच हीरो ७४४वरून ८०० पिक्सेलचा होतो, त्याखालचा सगळा मजकूर पानावर ५६ पिक्सेल खाली ढकलला जातो, उभ्या मध्यावर ठेवलेले शीर्षक २८ पिक्सेल घसरते आणि हीरो भरून टाकणारे छायाचित्र सुमारे साडेसात टक्के फुगते. शिवाय बार सरकत असताना `dvh` क्षणोक्षणी बदललाच पाहिजे, असे बंधन प्रमाणकाने ब्राउझरवर घातलेले नाही. त्यामुळे हा बदल एका झटक्यात होऊ शकतो. तो झटका मऊ करण्यासाठी उंचीला `transition` लावणे तर अधिकच वाईट, कारण मग मजकूर बोट थांबल्यावरही सरकत राहतो.

म्हणून हीरोला स्थिर राहणारे `svh` द्यावे:

```css
.hero {
  min-height: 100vh;
  min-height: 100svh;
}
```

पहिली ओळ जुन्या ब्राउझरांसाठी आहे. त्यांना दुसऱ्या ओळीतील एकक कळत नाही, म्हणून ते ती ओळ सोडून देतात. `height`ऐवजी `min-height` लिहिण्याचे कारण असे की फोन आडवा धरला किंवा वाचकाने अक्षरे मोठी केली तर मजकुराला अधिक जागा लागते, आणि ठाम उंची दिलेली असल्यास तो हीरोबाहेर सांडतो. आता बटण पहिल्यापासून पूर्ण दिसते. बार लपल्यावर मात्र हीरोखाली पुढच्या विभागाची ५६ पिक्सेलची पट्टी डोकावते. काही डिझायनरांना ती खटकते. माझ्या मते खाली आणखी काही आहे हे वाचकाला त्यातून आपोआप कळते. तरीही पडदा सदैव भरलेलाच हवा असा आग्रह असेल, तर हीरोला `dvh` द्यावे, पण छायाचित्र `100lvh` उंचीच्या वेगळ्या थरात ठेवून हीरोबाहेरचा त्याचा भाग `overflow: hidden`ने झाकावा आणि शीर्षक वरच्या कडेपासून मोजून बसवावे. तेव्हा छायाचित्र फुगत नाही आणि शीर्षक घसरत नाही. खालचा मजकूर मात्र सरकतोच.

`dvh`चा खरा उपयोग पडद्याला खिळवलेल्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ बाजूने उघडणाऱ्या मेनूसाठी होतो, कारण त्याच्या उंचीवर पानातील इतर कशाचीच जागा अवलंबून नसते.

संगणकावरील ब्राउझरमध्ये फोनचा आकार निवडून पाहिल्यास यातला कोणताही दोष दिसत नाही, कारण त्या नकली फोनला सरकणारा बार नसतो. खऱ्या फोनवर पान उघडून, सावकाश वर-खाली सरकवत आणि मधूनमधून बोट उचलत हीरोखालच्या पहिल्या ओळीकडे पाहावे: ती बोटाबरोबरच चालली तर मांडणी स्थिर आहे, मध्येच बोटाच्या पुढे किंवा मागे गेली अथवा बोट उचलताच उडाली तर उंची बदलत आहे. हीच चाचणी एखाद्या अॅपच्या आत उघडणाऱ्या पानावर केल्यास फसगत होऊ शकते, कारण तिथली वरची पट्टी सरकणारी नसेल तर तिन्ही एककांची किंमत एकच येते.