शेवटचे वीस टक्के इतके सावकाश का भरतात?

सकाळी आंघोळीला जाताना फोन चार्जिंगला लावला, की डबा भरून होईपर्यंत तो सत्तरीपर्यंत पोचतो. मग चप्पल घालून दारात उभे राहिलो तरी ९२ चा आकडा काही हलत नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला छोटा यूएसबी मीटर मी चार्जर आणि केबलच्या मध्ये लावून पाहिला. चाळीस टक्क्यांना फोन साधारण १७ वॅट घेत होता, पंचाऐंशी ओलांडल्यावर १० च्या आत आला आणि पंच्याण्णवला जेमतेम ४ वॅट. चार्जर तोच आणि केबलही तीच. वीज कमी घेत होता तो फोन, आणि तेही ठरवून.

याचं मूळ बॅटरीच्या रसायनात आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फारशा नाजूक नव्हत्या. त्या भरल्यावरही करंट चालू राहिला, तर धन बाजूला ऑक्सिजन तयार व्हायचा, ऋण बाजूला शोषला जायचा आणि बॅटरी गरम व्हायची. त्याच वेळी तिचं व्होल्टेज किंचित उतरायचं. ही उतरण ओळखून चार्जर बंद व्हायचा, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच करंटने चार्ज करणं चालून जायचं.

लिथियममध्ये अशी सवलत नाही. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेटल्या आणि त्या परत घ्याव्या लागल्या. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात ऋण बाजूला शुद्ध धातूऐवजी कार्बन होता आणि लिथियमचे आयन त्याच्या थरांमध्ये जाऊन बसत. पण मर्यादेपलीकडे रेटलं, तर आयन आत शिरण्याऐवजी कार्बनच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. पलीकडे धन बाजूच्या कोबाल्ट ऑक्साइडमधून गरजेपेक्षा जास्त लिथियम निघून जातं आणि त्याची रचना ढासळू लागते. ‘आता भरली’ असं सांगणारी व्होल्टेजची उतरण इथे नसते. म्हणून वरची मर्यादा चार्जरलाच पाळावी लागते. बराच काळ ती दर सेलला ४.२ व्होल्ट होती, आताच्या अनेक फोनमध्ये ४.४ च्या आसपास असते.

त्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत वापरतात, आणि ती लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी आधीपासून होतीच. पहिल्या टप्प्यात करंट स्थिर ठेवतात आणि व्होल्टेज चढू देतात. मर्यादा गाठली की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात, आणि करंट आपोआप उतरत जातो.

तो का उतरतो, हे गच्चीवरच्या टाक्यांवरून समजतं. अनेक इमारतींत दोन टाक्या खालून पाइपने जोडलेल्या असतात. पहिलीची पातळी नळाने कायम राखली, तर दुसरी रिकामी असताना पाणी जोरात जातं. पातळ्या जवळ आल्या की धार मंदावते आणि शेवटची चार बोटं भरायला फार वेळ लागतो.

माझ्या फोनसारखी ५००० एमएएचची बॅटरी घेऊ. हिशेबासाठी तिचा आतला रोध ०.०६ ओहम आणि करंट ४ अँपिअर धरू. ४ गुणिले ०.०६ म्हणजे ०.२४ व्होल्ट रोधातच खर्च होतात. त्यामुळे बाहेर ४.४ व्होल्ट दिसतात, तेव्हा सेलची खरी पातळी ४.१६ असते, म्हणजे बरीच जागा अजून शिल्लक असते. इथून बाहेरचं व्होल्टेज वाढवायचं नाही. म्हणून आतली पातळी ४.२८ झाली की फरक निम्मा उरतो आणि करंट २ अँपिअर होतो. ४.३४ ला तो १ अँपिअर. साधारण पाव अँपिअरपर्यंत उतरला, की फोन चार्जिंग थांबवतो. प्रत्यक्षात आयनांना ग्रॅफाइटमध्ये आतवर पसरायलाही वेळ लागतो, त्यामुळे शेवट याहूनही लांबतो.

याच हिशेबातून फास्ट चार्जरची गंमत कळते. करंट २ अँपिअर असता, तर मर्यादा ४.२८ च्या पातळीला, म्हणजे उशिरा आली असती. जास्त करंट बॅटरीला दुसऱ्या टप्प्यात लवकर पोचवतो. सुरुवातीचा बराच वेळ वाचतो, पण शेवटच्या टप्प्यात मोठ्या चार्जरचा फायदा जवळजवळ राहत नाही.

मेच्या उकाड्यात मीटर वेगळंच दाखवतो. पन्नास-साठ टक्क्यांनाच वॅट एकदम पायरीने खाली येतात आणि फोन हाताला तापलेला लागतो. ही मर्यादा व्होल्टेजची नसते, उष्णतेमुळे फोनने हात आखडता घेतलेला असतो. पंख्याखाली ठेवला, कव्हर काढलं, की आकडा पुन्हा वर जातो. दुसऱ्या टप्प्यातली उतरण मात्र सावकाश आणि सलग असते, पंख्याने ती हटत नाही.

जुन्या बॅटरीत आतला रोध वाढतो. तो दुप्पट झाला, तर त्याच ४ अँपिअरला ०.४८ व्होल्ट खर्च होतात आणि आतली पातळी ३.९२ असतानाच मर्यादा येते, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढेच. फोन थंड असूनही साठीपासूनच वॅट हळूहळू घसरू लागले, आणि कॅमेरा उघडताच टक्के भराभर उतरत असतील, तर नवा चार्जर घेऊन फरक पडणार नाही. बॅटरीच बदलावी लागेल.