गोळीने बरं वाटलं म्हणजे ॲसिडिटीच होती का?

ऐरोलीत माझं छोटंसं मेडिकल आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त काय जातं विचाराल तर सर्दी-तापाचं काही नाही, पित्ताच्या गोळ्या. सकाळी ठाण्याची ट्रेन पकडायच्या घाईत लोकं येतात, "एक पॅन्टो दे रे" म्हणतात, पाकीट खिशात टाकून पळतात. खरं तर ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, पण ओळखीचं गिऱ्हाईक असलं की नाही म्हणवत नाही, मीही देत आलो. हल्ली जरा कडक झालोय, त्याला कारण आमच्या सेक्टरमधले एक काका.

वय ५८, रबाळे एमआयडीसीत आयुष्य गेलेलं, सिगरेट पंचवीस वर्षं ओढून सोडलेली. गणपतीत पोटात बेंबीच्या वर जळजळ सुरू झाली. मोदक, तळण, जागरण, म्हणजे पित्तच, अजून काय. चौदा गोळ्या नेल्या आणि आठवड्यात एकदम ओके. दिवाळीत परत तेच, परत गोळ्या, परत ओके. मग नाताळच्या सुमाराला परत. प्रत्येक वेळी आराम पडला म्हणून प्रत्येक वेळी काकांची खात्री पक्की होत गेली की ही ॲसिडिटीच आहे, आणि खरं सांगायचं तर माझीही.

इथेच सगळे फसतात. पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्ल बनवणारे पंप बंद करते, बाकी काही नाही. आता पोटाच्या आतल्या अस्तरावर कॅन्सरची जखम असेल तर त्या जखमेलाही आम्ल झोंबतंच ना. आम्ल कमी झालं की झोंबणं थांबतं, आणि वरून जखम काही प्रमाणात भरूनसुद्धा येते, खाली गाठ आपली वाढत असते आणि वर पातळ साय धरलेली. गोळी बंद केली की पुन्हा जखम उघडी. म्हणून गोळीने आराम पडला यावरून आम्ल झोंबत होतं एवढंच कळतं, का झोंबत होतं ते कळत नाही.

गंमत म्हणजे कॅन्सरकडे निघालेल्या पोटात आम्ल बऱ्याचदा कमी असतं. या गोष्टीच्या मुळाशी बहुतेक वेळा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टर लोकं नुसतं एच पायलोरी म्हणतात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो शोधला, आणि कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू लहानपणी घरातूनच लागतो आणि अस्तरात वर्षानुवर्षं राहून बारीक सूज ठेवतो. मग आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, पोटाच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवायला लागतं आणि त्यातूनच काहींच्यात पुढे कॅन्सर होतो. याला कित्येक दशकं लागतात. घाबरू नका, आपल्याकडे अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि कॅन्सर त्यातल्या अगदी थोड्यांनाच होतो. मग कोणाला होतो? जंतूसोबत सिगरेट-बिडी असली, रोज भरपूर मीठ आणि मीठ लावून टिकवलेलं खाणं असलं, घरात आई-वडील किंवा भावंडांना पोटाचा कॅन्सर झालेला असला की धोका वाढतो. आमच्याकडे दिवा कोळीवाड्याची सुकी मासळी आवडीने खातात, मीही खातो, महिन्यातून दोनदा खाल्लेल्या सुकटीने काही होत नाही, पण रोज ताटात खारं, वर लोणचं, वर पापड हे वेगळं. मिरचीला मात्र उगीच बदनाम करतात, तिखटाने जळजळ होते, पण त्याने पोटाचा कॅन्सर होतो असं काही सिद्ध झालेलं नाही.

परत काकांकडे येतो. पित्तात न बसणाऱ्या तीन गोष्टी त्यांच्यात होत्या आणि तिन्हींना घरात काहीतरी कारण तयार होतं. एक म्हणजे अर्ध्या भाकरीतच पोट गच्च भरायचं. पित्तवाला माणूस जेवतो आणि मग जळजळतं म्हणतो, हे जेवूच शकत नव्हते. पोटाची पिशवी नीट फुगत नसेल किंवा खालचं तोंड अरुंद झालं असेल तर असं होतं. काकू म्हणाल्या, "वय झालं, जेवण कमी होणारच." दुसरं वजन, गणपतीत ७१ किलो होतं ते होळीपर्यंत ६४. सहा महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्के उतरलं तरी डॉक्टर शोध घेतात, इथे १० टक्के गेलं होतं आणि सोसायटीत सगळे "काय फिट झालात" म्हणत होते! तिसरं, जिना चढताना दम. एवढ्यावरून त्यांनी स्वतःच लोहाच्या गोळ्या मागितल्या तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, "काका, आधी सीबीसी करा, त्याआधी मी काही देणार नाही."

हिमोग्लोबिन ८.६ आलं, लाल पेशी आकाराने बारीक, म्हणजे लोह कमी. पाळी येणाऱ्या बाईत याची साधी कारणं असू शकतात, पण ५८ वर्षांच्या पुरुषात लोह कमी झालं म्हणजे पोटात-आतड्यात कुठूनतरी रक्त झिरपतंय असं धरूनच चालायचं. कधी ते डोळ्यांना दिसतं, शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होते. लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण ती घट्ट असते आणि डांबरासारखी चिकटत नाही. काकांना असं काही दिसलंच नव्हतं, रोज थोडं थोडं जात होतं.

फॅमिली डॉक्टरांनी त्याच दिवशी एंडोस्कोपीला पाठवलं. लोकं या तपासणीला फार घाबरतात, पण रिकाम्या पोटी जायचं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. तिथे पहिला प्रश्न हाच, पित्ताची गोळी किती दिवस चालू आहे? शक्य असेल तर आधी दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, कारण गोळीने वरून भरलेली जखम साधा अल्सर वाटू शकते आणि एच पायलोरीची तपासणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. (रक्त जात असेल तर अशी वाट बघत नाहीत, आणि बंद करायची की नाही ते डॉक्टरांनीच ठरवायचं, माझ्यासारख्या मेडिकलवाल्याने नाही.) काकांच्या जठराच्या खालच्या भागात दोन सेंटिमीटरचा अल्सर निघाला, कडा उचललेल्या. नुसतं बघून सोडलं नाही, कडेवरून सात तुकडे घेतले, कारण एकाच तुकड्यात कॅन्सर हुकतो. आणि पहिल्या बायोप्सीत काही नाही आलं तरी जठराचा अल्सर औषधाने खरंच भरला का, हे सहा-आठ आठवड्यांनी परत आत बघून खात्री करतात.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. सीटी स्कॅनमध्ये लांब कुठे पसरलेला नव्हता. आधी केमोचे चार डोस, मग ऑपरेशन करून जठराचा खालचा मोठा भाग काढला, मग परत चार डोस. आता काका दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात, बी१२ चं इंजेक्शन घेतात. काकू आणि दोन्ही मुलांची एच पायलोरीची तपासणी झाली, थोरल्याची पॉझिटिव्ह निघाली, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स माझ्याच दुकानातून गेला. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का ते बघायचं असतं, त्याच्या आधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद. परवा तो आला आणि सवयीने म्हणाला, "एक पॅन्टो दे रे." मी कॅलेंडर दाखवलं, त्याच्या टेस्टला नऊ दिवस बाकी होते.