महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलला? पोस्टपेडचं पुढचं बिल कसं वाचायचं आणि चूक असेल तर तक्रार कशी करायची

पोस्टपेड बिलाबद्दलची बरीचशी भांडणं प्लॅन बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलावरून होतात. सहाशेचा प्लॅन घेतला आणि बिल साडेनऊशेच्या घरात आलं, की माणूस थेट ग्राहक सेवेला फोन लावतो. अनेकदा बिल बरोबरच असतं, फक्त त्यात दोन महिन्यांचे हिशोब एकत्र आलेले असतात. काही वेळा मात्र खरंच चूक असते आणि ती नेमकी एकाच ओळीत सापडते. ती ओळ कोणती, हे कळायला आकडे मांडूनच बघू.

समजा बिलाची मुदत दर महिन्याच्या ५ तारखेपासून पुढच्या ४ तारखेपर्यंत आहे. जुना प्लॅन ४५० रुपयांचा होता आणि २० जूनपासून ६०० रुपयांचा लागू झाला. कंपनी मासिक भाडं आगाऊ घेते, म्हणजे ५ जूनच्या बिलातच ४ जुलैपर्यंतचे ४५० रुपये लागले होते. आता ५ जुलैच्या बिलात भाड्याच्या तीन ओळी दिसायला हव्यात. पहिली वजा रकमेची: जुन्या प्लॅनचे २० जून ते ४ जुलै हे १५ दिवस वापरले नाहीत, म्हणून २२५ रुपये परत. दुसरी नव्या प्लॅनची, त्याच १५ दिवसांसाठी ३०० रुपये. तिसरी ५ जुलै ते ४ ऑगस्टचं आगाऊ भाडं, ६०० रुपये. बेरीज ६७५.

याच महिन्यात सिम बदलून घेतल्याचे ५० रुपये आणि परदेशी केलेल्या एका कॉलचे ७५ रुपये लागले असं धरू. एकूण ८०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचे ७२ आणि राज्याचे ७२. देय रक्कम ९४४ रुपये. आपण मनात धरलेलं बिल होतं ६०० अधिक कर, म्हणजे ७०८. वरचे २३६ रुपये आले कुठून? प्लॅनमधल्या फरकाचे ७५, सिमचे ५०, कॉलचे ७५ आणि या २०० रुपयांवरचा ३६ रुपये कर. यात कुठेही लबाडी नाही.

आता चूक कशी ओळखायची ते. आधी वजा रकमेची ओळ शोधा. ती नसेल, तर त्याच पंधरा दिवसांचं भाडं तुमच्याकडून दोन्ही प्लॅनसाठी घेतलं गेलंय आणि ९४४ ऐवजी बिल १,२०९.५० रुपये येईल. ती ओळ असेल, तर ती करपात्र रकमेच्या आत आहे की कर लावून झाल्यावर खाली वजा केली आहे, ते बघा. भाडं घेताना त्यावर कर घेतलेला असतो, त्यामुळे परत करतानाही करासकट परत व्हायला हवं. नुसते २२५ वजा झाले तर तुमचे ४०.५० रुपये कंपनीकडेच राहतात. रक्कम छोटी असते, म्हणून कुणी बघत नाही.

भाडं आगाऊ आहे की महिना संपल्यावर, हे प्लॅनच्या नावापुढे छापलेल्या तारखांवरून कळतं. तारखा बिलाच्या दिनांकाच्या पुढच्या असतील तर आगाऊ. मागच्या असतील तर वजा ओळ असणारच नाही. तिथे जुन्या प्लॅनचे १५ दिवसांचे २२५ आणि नव्याचे ३००, असे ५२५ रुपयेच लागतील.

भाड्यासारखाच डेटाही दिवसांच्या प्रमाणात कापला जाऊ शकतो, आणि इथे लोक फसतात. महिन्याला ७५ जीबी मिळतात म्हणून नवा प्लॅन घेतला, पण पंधरा दिवसांसाठी वाट्याला साडेसदतीसच आले आणि त्यापुढच्या वापराचे पैसे लागले. घाई नसेल तर नवा प्लॅन पुढच्या बिल मुदतीपासून लागू करायला सांगावा. तो पर्याय असतो, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सुचवत नाही.

तपशीलवार यादीची सगळी पानं वाचायची गरज नाही. अमर्यादित कॉलच्या प्लॅनमध्ये बहुतेक ओळींपुढे शून्य असतं. शून्य नसलेल्या ओळीच बघा: परदेशी कॉल, रोमिंग, लहान क्रमांकांना गेलेले एसएमएस. १८०० ने सुरू होणारे क्रमांक मोफत असतात, १८६० वाले नसतात. कॉलर ट्यूनसारखी मूल्यवर्धित सेवा आपण घेतलीच नसेल तर १५५२२३ या क्रमांकावरून ती बंद करता येते.

एकवेळच्या शुल्कांत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अनामत रक्कम परत मिळणारी असते, त्यामुळे तिच्यावर जीएसटी लागत नाही. बिलात तिच्यावर कर दिसला तर विचारा. उशिराच्या शुल्कावर मात्र कर लागतो, ती चूक नव्हे. ते शुल्क मागच्या बिलासाठी असतं, म्हणून मागचे पैसे कंपनीच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा दाखवलेत ते पहिल्या पानावर तपासा.

तक्रार कोण करू शकतो? ज्याच्या नावावर जोडणी आहे तो. वडिलांच्या नावावरचा नंबर मुलगा वापरत असेल तर तक्रार वडिलांच्या नावाने जाते. दुकानात दुसरं कुणी जाणार असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत न्यावी. कार्यालयाने दिलेला नंबर असेल तर कार्यालयाच्या अधिकृत व्यक्तीलाच बोलावं लागतं.

कागद फार लागत नाहीत. वादातलं बिल, त्याच्या आधीचं बिल, मागच्या भरण्याची पावती आणि प्लॅन बदलल्याचा एसएमएस. यात एसएमएस सर्वांत महत्त्वाचा. नवा प्लॅन कोणत्या तारखेपासून लागू झाला यावर सगळा हिशोब उभा असतो, आणि विनंती केल्याची तारीख व लागू झाल्याची तारीख एकच असेल असं नाही. तो एसएमएस पुसू नका.

तक्रारीसाठी त्याच मोबाईलवरून १९८ लावा, हा फोन मोफत असतो. ‘बिल जास्त आलंय’ एवढंच सांगू नका, त्याने तक्रार पुढे सरकत नाही. ‘२० जून ते ४ जुलैचं जुन्या प्लॅनचं भाडं २२५ रुपये आणि त्यावरचा कर परत दिलेला नाही’, असं ओळ आणि रकमेसह सांगा. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. नुसती चौकशी झाली आणि क्रमांक मिळाला नाही, तर तक्रार नोंदलीच गेली नाही असं धरा. वाद नसलेली रक्कम शेवटच्या तारखेआधी भरून टाका आणि उरलेली वादात आहे, हे तक्रारीत नोंदवायला सांगा. पूर्ण बिल थकवलं तर उशिराचं शुल्क लागतं आणि मूळ प्रश्न त्याखाली दबतो.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं, त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. अपिलात डॉकेट क्रमांक आणि दोन्ही बिलांच्या प्रती जोडायच्या. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे पत्र पाठवण्यात वेळ जातो. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.