वांतिरोधक औषधे : ग्राहींनुसार वर्गीकरण आणि केमोथेरपीतील उलटी

मळमळ व उलटी टाळणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या औषधांना वांतिरोधके म्हणतात. पेशीवरच्या कोणत्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, औषध अडवते यावरून त्यांचे वर्ग पडतात. उलटीचे औषध ‘सौम्य’ की ‘कडक’ असा विचार करणे इथे फसवे ठरते. घाटात गाडी लागणाऱ्याला केमोच्या उलटीवरचे ऑनडॅनसेट्रॉन दिले तर सहसा उपयोग होत नाही, आणि गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधापुढे टिकत नाही. दोन्ही उलट्यांची वाट वेगळी असते.

या वाटा मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत एकत्र येतात. आंतरकर्णातून येणारे संदेश हिस्टामिनच्या एच1 आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या मस्करिनिक ग्राहींवरून जातात. त्यामुळे प्रवासातल्या मळमळीवर मेक्लिझिन, प्रोमेथाझिन आणि हायोसिन चालतात. रक्तातले विषारी पदार्थ ‘एरिया पोस्ट्रेमा’ हा भाग ओळखतो, कारण तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ढिला असतो. तिथे डोपामिनचे डी2 ग्राही महत्त्वाचे असल्याने मेटोक्लोप्रामाइड, डोम्पेरिडोन आणि प्रोक्लोरपेराझिन यांचा परिणाम होतो. पोट आणि आतड्यातली खबर व्हेगस चेता वर नेते. केमोथेरपीच्या पहिल्या दिवसाची उलटी मुख्यतः याच चेतेमार्गे येते.

सिसप्लॅटिन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. आधी वांतिरोधक दिले नाही, तर ते घेणाऱ्या 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. औषधाने आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन पेशींना इजा होते आणि त्यांच्यातला सेरोटोनिनचा साठा बाहेर पडतो. हे सेरोटोनिन व्हेगसच्या टोकांवरील 5-एचटी3 ग्राहींना चेतवते आणि काही तासांत उलटी सुरू होते. 24 तासांच्या आतल्या या उलटीला तीव्र टप्पा म्हणतात. विलंबित टप्प्याचा जोर मात्र 48 ते 72 तासांवर असतो आणि तो पाच-सहा दिवस रेंगाळू शकतो. तोवर सेरोटोनिनचा लोंढा ओसरलेला असतो. आता मेंदूत सबस्टन्स पी हे पेप्टाइड एनके1 ग्राहींवर काम करत असते.

5-एचटी3 रोधकांचा शोध एका कोड्यातून पुढे सरकला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मेटोक्लोप्रामाइड नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत शिरेतून दिले, तर सिसप्लॅटिनची उलटी बरीच आटोक्यात येते असे दिसले. ते तर डी2 रोधक. पण डी2 अडवणाऱ्या इतर औषधांना असे यश येत नव्हते. मोठ्या मात्रेत ते 5-एचटी3 सुद्धा अडवते, हे पुढे लक्षात आले. मग फक्त 5-एचटी3 अडवणारी औषधे आली. ऑनडॅनसेट्रॉनला अमेरिकेत 1991 मध्ये मान्यता मिळाली. मेटोक्लोप्रामाइडच्या मोठ्या मात्रेने मान वाकडी होणे, जबडा आखडणे असे त्रास होत. नव्या औषधांत ते टळले. ग्रॅनिसेट्रॉन याच वर्गातले. पॅलोनोसेट्रॉनही त्याच वर्गातले, पण त्याचे अर्धायुष्य सुमारे 40 तास आहे, तर ऑनडॅनसेट्रॉनचे काही तासच. विलंबित टप्प्यात पॅलोनोसेट्रॉन थोडे सरस ठरते, याचे हे एक कारण मानले जाते.

हे सारे एका रुग्णावर लावून पाहू. उदाहरण म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण घेऊ. किरणोपचारासोबत दर तीन आठवड्यांनी प्रति चौरस मीटर 100 मिग्रॅ सिसप्लॅटिन ठरले आहे आणि शरीराचे क्षेत्रफळ 1.6 चौरस मीटर असल्याने मात्रा 160 मिग्रॅ होते. पहिल्या फेरीत त्याला ऑनडॅनसेट्रॉन आणि 20 मिग्रॅ डेक्सामेथासोन दिले आणि घरी घ्यायला ऑनडॅनसेट्रॉनच्या गोळ्या दिल्या. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या संध्याकाळी मळमळ सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी पाणीही टिकेना. घरच्यांनी गोळ्या वाढवल्या, तरी फरक पडला नाही; उलट पोट साफ होईना. मोकळ्या राहिलेल्या वाटेवर औषधच नव्हते आणि आधीच अडवलेल्या वाटेवर ते वाढत गेले. बद्धकोष्ठता हा ऑनडॅनसेट्रॉनचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. शिवाय सिसप्लॅटिनचा मारा मूत्रपिंडांवर असतो, म्हणून या दिवसांत शरीर कोरडे पडणे विशेष घातक असते.

दुसऱ्या फेरीत ऑनडॅनसेट्रॉन राहिले, पण रचना बदलली. केमोच्या सुमारे तासभर आधी 125 मिग्रॅ अ‍ॅप्रेपिटंट आणि पुढचे दोन दिवस 80 मिग्रॅ. हा एनके1 रोधक 2003 पासून वापरात आहे. डेक्सामेथासोन मात्र 20 वरून 12 मिग्रॅवर आणले आणि पुढचे तीन दिवस 8 मिग्रॅ ठेवले. यकृतातल्या ज्या विकराने डेक्सामेथासोनचा निचरा होतो, त्या सीवायपी3ए4 ला अ‍ॅप्रेपिटंट मंदावते. त्यामुळे कमी मात्रेतही रक्तातली पातळी पुरेशी राहते. ही कपात विसरली, तर झोप उडणे आणि मधुमेह्याची साखर चढणे हे त्रास वाढतात. डेक्सामेथासोन या वर्गीकरणात नीट बसत नाही. ते पेशीच्या आतल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीला अडवत नाही, चेतवते, आणि त्यातून उलटी का थांबते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. तरीही ते वगळल्यास गुण उतरतो.

चौथे औषध ओलॅन्झापिन, मूळचे मनोविकारांवरचे. ते डी2, सेरोटोनिनचे अनेक ग्राही, एच1 आणि मस्करिनिक असे बरेच दरवाजे एकदम बंद करते. पहिली तीन औषधे उलटी थांबवतात, पण मळमळ मागे उरते. ती कमी करण्यात ओलॅन्झापिनचा वाटा मोठा आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे: उलटी नाही पण घास उतरत नाही, याला यश म्हणता येणार नाही. अडचण पेंगेची. प्रचलित मात्रा 10 मिग्रॅ, रात्री, चार दिवस. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत 2.5 मिग्रॅ मात्रा उलटी रोखण्यात 10 मिग्रॅपेक्षा कमी पडली नाही आणि दिवसाची झोपाळू सुस्ती बरीच कमी झाली. आपल्या उदाहरणातला रुग्ण वयस्कर किंवा एकटा राहणारा असेल, तर ही लहान मात्रा आधी विचारात घ्यावी.

चौघांचे कवच असूनही उलटी फुटली, तर तेच औषध पुन्हा न देता अजून न अडवलेल्या ग्राहीचे औषध जोडतात. ओलॅन्झापिन चालू असताना त्यात मेटोक्लोप्रामाइड घालणे टाळावे. दोन डी2 रोधक एकत्र आल्याने हातापायांचा ताठरपणा आणि अस्वस्थ येरझारा सुरू होऊ शकतात. ऑनडॅनसेट्रॉन हृदयाच्या आलेखातले क्यूटी अंतर लांबवते आणि त्याने ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून शिरेतून एका वेळी 16 मिग्रॅपेक्षा जास्त देत नाहीत. उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरले असेल, तर हा धोका वाढतो. सिसप्लॅटिन स्वतःही मॅग्नेशियम घटवते.

काही उलट्या या चौकटीत येतच नाहीत. मागच्या फेरीत खूप त्रास झालेल्या रुग्णाला पुढच्या वेळी रुग्णालयाच्या वासानेच उमासे येतात. ही शिकलेली प्रतिक्रिया असल्याने 5-एचटी3 किंवा एनके1 रोधकांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही; आदल्या रात्री आणि सकाळी चिंता शमवणारे लोराझेपाम देतात, पण खरा उपाय म्हणजे पहिल्या फेरीतच त्रास होऊ न देणे. आठवडाभर बरे वाटून नंतर अचानक उलट्या सुरू झाल्या, तर केमोला दोष देण्याआधी रक्तातले कॅल्शियम, सोडियम आणि क्रिएटिनिन तपासावे. पोट फुगून वायू सरत नसेल तर आतड्याचा अडथळा, आणि पहाटे डोकेदुखीसह उलटी होत असेल तर कर्करोगाचा मेंदूतला प्रसार शोधावा.